सात जणी, तीन ठिकाणं आणि बजेटवर अडकलेले अकरा दिवस

26 जानेवारी सोमवारी आली होती, म्हणजे शनिवार-रविवार-सोमवार सलग सुट्टी, त्यामुळे आम्ही कॉलेजच्या सात जणींनी 1 नोव्हेंबरलाच ट्रिपचं ठरवायला घेतलं. सगळ्या मुंबई-ठाण्याच्या. नऊ ठिकाणांची नावं आली आणि दोन दिवसांत तीन राहिली, तारकर्ली, गोकर्ण आणि हंपी. इथवर कसलाच त्रास झाला नाही.

अडलं ते बजेटवर, तेही अकरा दिवस! ग्रुपवर मी विचारलं, "प्रत्येकी किती?" पहिल्या मैत्रिणीने लिहिलं 15 हजार, लगेच दुसरीचा अंगठा, तिसरीचं "चालेल", आणि बाकीच्या गप्प. मी 15 धरून हॉटेलं शोधत बसले, दर पाठवले की बघते, सांगते, उद्या बोलू. रोज रात्री ऑफिसमधून येऊन मी तेच करत होते आणि मला खरंच राग यायला लागला होता, कारण "चालेल" म्हणणाऱ्या एकीलाही पैसे काढायची वेळ आली की चालत नव्हतं.

मग 12 तारखेला रात्री एकीचा फोन आला, "अगं, माझा घराचा हप्ता सुरू झालाय, मला 15 नाही झेपणार, पण ग्रुपवर कसं लिहू?" तेव्हा कळलं की माझा प्रश्नच चुकला होता. सगळ्यांसमोर आकडा विचारला की जिची ऐपत जास्त ती आधी बोलते, आणि जिची कमी तिला तोंड उघडायची सोय राहत नाही.

दुसऱ्या दिवशी मी प्रत्येकीला वेगळा मेसेज केला, फक्त दोन आकडे मागितले, सहज जमेल तो आणि याच्या वर अजिबात नाही तो. कुणाचा किती ते ग्रुपवर सांगणार नाही हेही लिहिलं. संध्याकाळपर्यंत सातही उत्तरं आली. वरच्या मर्यादा होत्या 15, 15, 12, 12, 10, 9 आणि साडेसात हजार. सरासरी काढू नका हं, सरासरी साडेअकराच्या आसपास येते आणि तेवढ्याची ट्रिप केली तर तिघी घरी राहतात. सगळ्यात कमी वरची मर्यादा तीच ट्रिपची मर्यादा, म्हणजे साडेसात.

तारकर्लीचा हिशोब असा बसला. थ्री एसीने कुडाळ जाऊन-येऊन साधारण 2,000, होमस्टे दोन रात्री 2,500, जेवणखाण 1,500, रिक्षा आणि सिंधुदुर्ग किल्ल्याची होडी धरून 1,000. झाले 7,000, वर दहा टक्के अडीअडचणीला, म्हणजे 7,700. दोनशेने बाहेर! मग स्लीपर धरलं, तिकिटं 800 च्या आसपास आली आणि सगळं मिळून साडेसहाच्या आत बसलं. स्कूबा वेगळं ठेवलं, जिला करायचंय तिने आपल्या पैशाने करायचं. हंपीला बसचं भाडं आणि रात्रभराच्या वर सकाळचेही तास जात होते, ते मर्यादेबाहेर गेलं. गोकर्णाची मत्स्यगंधा दुपारी निघते, म्हणजे शुक्रवारची रजा, ती दोघींना नव्हती.

निर्णयाची तारीख मी रेल्वेवरून ठरवली, कॅलेंडर बघून नाही, म्हणून ती पुढे ढकलता आली नाही. आरक्षण प्रवासाचा दिवस सोडून 60 दिवस आधी सकाळी 8 ला उघडतं. शुक्रवार 23 जानेवारीच्या रात्रीच्या कोकणकन्येचं 24 नोव्हेंबरला, म्हणून शनिवार 22 च्या रात्री 9 वाजता निर्णय. तोपर्यंत फक्त "जमणार नाही" आणि त्याचं कारण एवढंच लिहायचं, गप्प राहिलं तर होकार धरणार. कुणीच विरोध केला नाही, मला किती हायसं वाटलं!

हे आधीच सांगायला हवं होतं, तुतारी दादरहून रात्री 12:05 ला सुटते, म्हणजे शुक्रवारी रात्री निघायचं असलं तरी तिकीट शनिवारच्या तारखेचं आणि बुकिंगही एक दिवस उशिरा उघडतं. तिला आम्ही दुसरा पर्याय म्हणून ठेवलेलं. आणि एका तिकिटावर सहाच प्रवासी बसतात, आम्ही सात, म्हणून दोन लॉगिन, चार आणि तीन अशी वाटणी केली. सहा आणि एक करू नका, ती एकटी वेटिंगवर राहिली तर तिचं काय? दोन्ही लॉगिनना आधार आदल्या आठवड्यातच जोडून घेतलं होतं, तेव्हा पहिली 15 मिनिटं आधार नसेल तर ऑनलाइन बुकिंग होतच नव्हतं.

24 ला सकाळी सातही कन्फर्म झाली. हप्तेवाल्या मैत्रिणीने सगळ्यात आधी पैसे पाठवले. परतीचं 26 तारखेचं बुकिंग 27 नोव्हेंबरला उघडलं, तेव्हा पुन्हा 8 ला दोघी फोन घेऊन बसलो.