पॅनचं चौथं अक्षर आणि माझे 16,800 रुपये

फेब्रुवारी 2024 मध्ये बिल्डरकडून दुसऱ्या स्लॅबचं डिमांड लेटर आलं. खाली एक ओळ जास्तीची होती: मागील येणे बाकी 16,800 रुपये, त्यावर व्याज 412 रुपये. आधीचे तिन्ही हप्ते मी मुदतीत भरले होते. बेळगावच्या टिळकवाडीतला हा फ्लॅट घेताना एकही पैसा उशिरा द्यायचा नाही असं मी आणि बायकोनं ठरवलं होतं. त्यामुळे ती ओळ वाचून अंगाची लाहीलाही झाली.

आधी हिशेब सांगतो. फ्लॅटची किंमत पार्किंगसकट 56 लाख. 50 लाख किंवा जास्त किमतीची जागा घेणाऱ्यानं विकणाऱ्याच्या पैशातून 1 टक्का कर, म्हणजे टीडीएस, कापून त्याच्या नावे सरकारकडे भरायचा असतो. आमच्या फौंड्रीतल्या एका मित्राला वाटत होतं की हप्ता 50 लाखांच्या खाली असला की कापायचं नाही. तसं नाही, एकूण किंमत बघायची. माझे पहिले तीन हप्ते प्रत्येकी 10 टक्क्यांचे, म्हणजे 5,60,000. त्यावर 5 टक्के जीएसटी 28,000. डिमांड लेटरवर आकडा 5,88,000. जीएसटी वेगळा दाखवलेला असला की टीडीएस मूळ रकमेवरच, म्हणून 5,600 कापले आणि बिल्डरला 5,82,400 पाठवले. तीन हप्त्यांचे मिळून 16,800, अगदी तेवढेच जे बाकी म्हणून लिहून आले.

कापलेली रक्कम आयकराच्या पोर्टलवर 26QB फॉर्म भरून जमा करायची. त्याला कर कापणाऱ्यांचा वेगळा टॅन नंबर लागत नाही, घेणारा आणि विकणारा दोघांचे पॅन पुरतात. ज्या महिन्यात कापलं तो महिना संपल्यापासून 30 दिवसांची मुदत. सप्टेंबरच्या हप्त्याचे मी 10 ऑक्टोबरलाच भरले होते. उशीर झाला तर रोज 200 रुपये लेट फी, आणि ती टीडीएसच्या रकमेइतकी चढू शकते, म्हणजे 5,600 चे 11,200 व्हायला महिनासुद्धा लागत नाही. व्याज वेगळं.

चलनं घेऊन मी बिल्डरच्या ऑफिसात गेलो. हिशेब बघणाऱ्या मुलीनं कॉम्प्युटर माझ्याकडं फिरवला. "अण्णा, आमच्या फर्मच्या 26AS मध्ये तुमचं एक रुपाय पण आलेलं नाही की." 26AS म्हणजे त्या पॅनवर जमा झालेल्या कराचा उतारा. मी म्हटलं, चलन आहे, बँकेतून पैसे गेलेत, टीडीएस भरल्याचा दाखला 16B सुद्धा निघालाय. तिनं 16B हातात घेतला आणि विकणाऱ्याच्या नावावर बोट ठेवलं. तिथं फर्मचं नाव नव्हतंच. भागीदाराचं स्वतःचं नाव होतं.

बुकिंगच्या वेळी पॅन मागितल्यावर याच ऑफिसातून व्हॉट्सअ‍ॅपवर पॅन कार्डाचा फोटो आला होता. तो सह्या करणाऱ्या भागीदाराच्या वैयक्तिक कार्डाचा होता. मी तो नंबर तिन्ही वेळा टाकला आणि माझे पैसे त्याच्या कराच्या खात्यावर जमा होत राहिले. फोटो दाखवल्यावर मला उत्तर मिळालं, "भरताना तुम्ही बघायला पाहिजे होतं." याचा राग मला अजून आहे. चुकीचा कागद त्यांनी द्यायचा, आणि व्याज मी भरायचं!

बघायचं काय, ते मला एका कर सल्लागारानं दोन मिनिटांत दाखवलं. पॅनचं चौथं अक्षर धारक कोण ते सांगतं. P म्हणजे व्यक्ती, F म्हणजे भागीदारी फर्म, C म्हणजे कंपनी. फोटोतल्या नंबरात चौथं P होतं. आणि फर्मचा खरा पॅन तर पहिल्या दिवसापासून माझ्या हातात होता. डिमांड लेटरच्या डोक्यावर जीएसटी नंबर छापलेला असतो. त्यातले पहिले दोन आकडे राज्याचे, कर्नाटकाचे 29. त्यापुढची दहा अक्षरं म्हणजे पॅन. 29 झाकून मी पुढची दहा वाचली, तर चौथं अक्षर F.

दुरुस्ती ट्रेसेस या आयकर खात्याच्या टीडीएसच्या वेबसाइटवरून मागता येते, पण तीन 26QB म्हणजे तीन वेगळे अर्ज. विकणाऱ्याचा पॅन बदलणं ही मोठी दुरुस्ती, ती अधिकाऱ्याच्या मंजुरीवर गेली. स्क्रीनवर Submitted to AO असं आलं आणि तिथंच बसलं. सगळ्याची छापील प्रत घेऊन आयकर कार्यालयात जायचं होतं: दुरुस्तीची पोच, माझा पॅन, नोंदणी झालेला करार, चलनं, बँकेचा उतारा.

पहिल्या खेपेला सांगितलं, भागीदाराचं पत्र आणा, ही रक्कम माझी नाही आणि मी तिचं क्रेडिट घेणार नाही असं. अट योग्यच आहे. त्यानं स्वतःच्या रिटर्नमध्ये ते 16,800 धरले असते तर माझी दुरुस्ती अवघड झाली असती. म्हणूनच माझा जीव टांगणीला होता. वर्ष 2023-24 चं, रिटर्नची तारीख 31 जुलै, त्याच्या आत काम व्हायला हवं होतं. पत्रासाठी बिल्डरकडं सोळा दिवस गेले. दुसऱ्या खेपेला पत्र होतं, पण फर्मचा शिक्का नव्हता, आणि एका चलनाचा नंबर चुकला होता. खिडकीवरच्या माणसानं कन्नडमध्ये परत जा म्हणून सांगितलं तेव्हा मी तिथल्या बाकावर बसून पेननं योग्य नंबर लिहून काढला आणि तिथूनच बिल्डरच्या ऑफिसात गेलो. सही-शिक्का हातात पडेपर्यंत हललो नाही. तिसऱ्या खेपेला कागद घेतले. रजा तीन गेल्या.

मे महिन्यात एका रात्री लॉगिन केलं तर तिन्ही अर्जांपुढं Processed दिसलं. नवा 16B उघडला, विकणाऱ्याच्या जागी फर्मचं नाव होतं. बायकोला झोपेतून उठवून दाखवलं. 412 रुपये व्याज त्यांनी सोडलं, पण तोंडी नको म्हणून मी बाकी शून्य असलेला खातेउतारा सही-शिक्क्यासकट मागून घेतला.

कर्जाबद्दल एक राहिलं. बँक डिमांड लेटरचा पूर्ण आकडा थेट बिल्डरला पाठवून देते, मग 1 टक्का आपल्याला खिशातून भरावा लागतो आणि बिल्डरकडून वळता करून घेण्याची खटपट मागं लागते. हप्ता सोडण्याच्या अर्जातच टीडीएस वजा करून रक्कम लिहायची. आणि फ्लॅट दोघांच्या नावावर असेल तर प्रत्येकाचा 26QB आपापल्या हिश्श्यापुरता वेगळा. आमचा माझ्या एकट्याच्या नावावर आहे.

आता प्रत्येक हप्त्याला मी एक प्लास्टिकची पिशवी करतो. डिमांड लेटर, बँकेचा यूटीआर नंबर, बिल्डरची पावती, 26QB चं चलन, 16B. पावती 5,82,400 ची आली की 16B देऊन 5,600 ची दुसरी पावती मागतो, कारण खरेदीखतात पूर्ण किंमत मिळाली असं लिहिलं जाईल तेव्हा टीडीएससुद्धा त्यात धरलेला असला पाहिजे. परवा पाचव्या हप्त्याचं लेटर आलं. जीएसटी नंबरातली दहा अक्षरं बोटानं मोजली, चौथं F आहे हे बघितलं, आणि मगच फॉर्म उघडला.