ताट की डबा

आमच्या मजल्यावर दोनच दारं, समोरासमोर. एका दारामागे आम्ही चौघं, दुसऱ्यामागे काकू एकट्या. डोंबिवलीतली जुनी इमारत, तिसरा मजला, लिफ्ट नाही. काकू ७९ वर्षांच्या. मुलगी बंगळूरला असते आणि रोज रात्री नऊला तिचा फोन येतो, हे आमच्या घरालाही पाठ आहे, कारण काकूंना कमी ऐकू येतं आणि म्हणून त्या मोठ्यानं बोलतात.

आमच्या घराची जादा किल्ली काकूंच्या देवघरामागच्या खिळ्याला असते. आमची कुरिअरं त्या घेतात, गॅसवाल्याला दार उघडून देतात. धाकटी पाचवीत असताना शाळेतून आली की आधी त्यांच्याकडे मेतकूट-भात खायची आणि मग आमच्याकडे येऊन भूक नाही म्हणायची. या सगळ्याचं काय करायचं, हा प्रश्न मला दरवर्षी दिवाळीच्या सुमारास पडतो. एरवी वर्षभर पडत नाही, हेही खरं.

पहिल्या वर्षी मी डबा दिला. चांगला मोठा, तीन खणांचा, स्टीलचा, झाकणावर सासूबाईंचं नाव कोरलेलं. पूर्वी भांडं घेतलं की दुकानातच त्यावर नाव घालून घ्यायची पद्धत होती. अशा डब्याची एक अडचण असते. तो ज्याच्याकडे जातो त्याला रोज आठवण करून देतो की मी तुझा नाही. आणि तो परत करायचा म्हणजे रिकामा करायचा नाही, हे आपल्याकडे कुणी शिकवत नाही, तरी सगळ्यांना माहीत असतं.

चार दिवसांनी डबा परत आला. तिन्ही खण भरलेले. एकात बेसनाचे लाडू, एकात चिवडा, एकात नारळाच्या वड्या. आम्ही सगळ्यांनी मिटक्या मारत खाल्लं. मग भांडी घासायला येणाऱ्या मावशी, ज्या दोन्ही घरी येतात आणि म्हणून मजल्यावरचं आकाशवाणी केंद्र आहेत, त्या म्हणाल्या, “काकू दोन दिवस ओट्याला टेकून उभ्या होत्या. रात्री गुडघे शेकत बसल्या.” बेसन भाजणं म्हणजे काय हे मला माहीत आहे. मंद आच, हात सारखा चालू, रंग बदलून तूप सुटेपर्यंत हलायचं नाही. पाव किलो असलं तरी अर्धा तास जातो. मी त्यांना फराळ दिला नव्हता, काम लावून दिलं होतं. तेही तीन खण.

दुसऱ्या वर्षी मी शहाणपणा केला. मिठाईच्या दुकानात मिळतो तसला प्लॅस्टिकचा पातळ डबा आणला, त्यात फराळ भरला आणि दारातच म्हटलं, “काकू, डबा परत नको हं. टाकून द्या.” त्या “बरं” म्हणाल्या. एवढंच. एरवी “बरं”नंतर त्यांची किमान तीन वाक्यं असतात. दोन दिवसांनी तो डबा धुऊन, पुसून, झाकणाला रबर लावून परत आला. आत पाच पेढे होते आणि वर वाक्य होतं, “माझ्याकडून काही येऊच नये असं झालं का गं?”

मला तेव्हा कळलं की चूक डब्याची नव्हती, आकाराची होती. काकूंना परतफेड नको होती असं नाही, त्यांना ती त्यांच्या हातापुरती हवी होती. पहिल्या वर्षी मी त्यांच्या हाताबाहेरचं दिलं, दुसऱ्या वर्षी त्यांचा हातच धरून ठेवला.

उत्तर माझ्या आईकडे होतं. ती सहज म्हणाली, “अगं, ताट दे ना. डबा कशाला?” आईच्या लहानपणी वाड्यात फराळ ताटातूनच जायचा, वर विणलेला रुमाल. डबा शेजारच्या घरात मुक्कामाला जातो, ताट जात नाही. समोरचा माणूस ताट आत नेतो, पदार्थ आपल्या भांड्यांत काढून घेतो, ताट विसळतो, त्यावर चिमूटभर साखर ठेवतो आणि दोन मिनिटांत ताट परत. देणं-घेणं दारातच संपतं. साखर दिली म्हणजे रिकामं दिलं नाही, आणि साखरेसाठी कुणाला ओट्याला टेकून उभं राहावं लागत नाही.

तेव्हापासून ताट जातं. त्यात एक लाडू, दोन करंज्या, तीन चकल्या, एक वाटी चिवडा. बस. एकट्या माणसाला याहून जास्त देणं हा मला आता थोडा आडदांडपणा वाटतो. लक्ष्मीपूजन ते भाऊबीज या दिवसांत काकूंकडे खालून-वरून सात-आठ घरचा फराळ येतो. सात घरांचा चिवडा म्हणजे सात वेगवेगळी मिठं आणि सात वेगवेगळी तेलं. टाकवत नाही म्हणून तो एकाच डब्यात जमा होतो आणि डिसेंबरपर्यंत पुरतो. त्यात आधी हार मानते ती करंजी. सारणातलं सुकं खोबरं खवट होतं. वरून ती तशीच छान दिसते, झाकण उघडल्यावर जुन्या तेलाचा वास येतो तेव्हा कळतं. काकू ती तरीही खातात, कारण “कुणी प्रेमानं दिलंय”. म्हणून आमचं ताट वसुबारसेला जातं, गर्दीच्या आधी. एका वर्षी मला जमलं नाही तेव्हा ते तुळशीच्या लग्नाला गेलं, आणि खरं सांगायचं तर ते जास्त आवडलं त्यांना. पाहुणे गेलेले असतात, कंदील उतरलेले असतात, आणि कुणीतरी बेल वाजवतं.

ताटात काय नाही, तेही सांगते. कडक शंकरपाळे नाहीत, कारण काकूंची कवळी आहे. हे मी त्यांना विचारलेलं नाही आणि विचारणारही नाही. मावशींनी सांगितलं की त्या शंकरपाळे चहात बुडवून खातात, तेवढं पुरे झालं. चिवडा पातळ पोह्यांचा असतो, भाजक्या पोह्यांचा नाही. आणि “शुगर फ्री” लिहिलेली खोकी मी कधी नेत नाही. एकतर खजूर-अंजिराच्या त्या वड्यांत वरून साखर घातलेली नसली तरी खजुराची असतेच. आणि दुसरं म्हणजे सणाच्या दिवशी माणसाच्या हातात त्याचा आजार वेष्टनात गुंडाळून का द्यायचा? त्यापेक्षा लाडू लहान वळावा. काकू अर्धा खातात आणि अर्धा दुसऱ्या दिवशी, हे त्यांचं त्यांना कळतं.

साडीचा प्रयोगही मी एकदा केला आहे, तो थोडक्यात आटोपते. काकूंनी घडी उलगडलीसुद्धा नाही. म्हणाल्या, “हे काय, किल्ली सांभाळल्याचं भाडं?” हसत म्हणाल्या, पण मी साडी उचलून आणली.

खाण्याखेरीज जे देता येतं ते बहुतेक जिन्यातून वर आणायचं असतं. दसऱ्याला झेंडू, नवरात्रात नारळ, दिवाळीला पणत्या आणि उटणं, तुळशीच्या लग्नाला ऊस. काकूंच्या खिडकीत तुळस आहे आणि त्या तिचं लग्न लावल्याशिवाय राहत नाहीत. आता ७९ वर्षांच्या बाईनं उसाची धांडं, बोरं, चिंचा, आवळे घेऊन तीन मजले कसे चढायचे? मी माझ्यासाठी आणते तेव्हा त्यांच्यासाठीही आणते. इथे मी एक चूक बरीच वर्षं केली. त्या पाकीट काढायच्या आणि मी “राहू द्या हो काकू, तीस रुपयांचं काय” म्हणायचे. परिणाम असा झाला की एका वर्षी त्यांनी मला ऊस सांगितलाच नाही. नुसत्या आवळ्यावर लग्न लागलं. आता मी पैसे घेते. सुटे नसतील तर थांबते, त्या आतून डबी आणतात, नाणी मोजतात, मी मोजून घेते. उसाचे पैसे दिले की पुढच्या वर्षी ऊस सांगता येतो. चढण्याचे पैसे त्यांनी अजून विचारलेले नाहीत.

मुलाचंही तेच. तो त्यांचा कंदील लावून देतो, स्टुलावर चढून, वायर खिडकीतून घेऊन. पाडव्याला नमस्काराला गेला की त्या त्याला एक्कावन्न रुपये देतात. पहिल्यांदा त्यानं संकोचून नको म्हटलं तेव्हा मी डोळे वटारले होते. आजीच्या हातचे पैसे नाकारायला तो काय मोठा झालाय!

एक गोष्ट मात्र मला अजून नीट जमलेली नाही, संक्रांत. आमच्या मजल्यावर आणि खालीवर संक्रांत ते रथसप्तमी हळदीकुंकवाची धामधूम असते. काका गेल्यापासून काकूंना कुणी बोलावत नाही. कुणी वाईट हेतूनं नाही, नुसतं पूर्वापार. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीनं २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, त्याची बातमी आम्ही सगळ्यांनी वाचली, पुढे पाठवली आणि जानेवारीत पुन्हा तीच यादी काढली. त्या वर्षी मी समारंभ झाल्यावर उरलेलं वाण, स्टीलची चाळणी होती, काकूंना नेऊन दिलं. त्यांनी घेतली. मी घरी आल्यावर मला लाज वाटली, कारण मी त्यांना वाण दिलं नव्हतं, उरलेलं दिलं होतं. पुढच्या वर्षी मी आधी विचारलं, “काकू, याल का?” त्या म्हणाल्या, “बघते.” आल्या नाहीत. मी पुन्हा विचारणार आहे, पण येण्याचा आग्रह करणार नाही. तिळगूळ मात्र सकाळीच देते, आणि तिळगुळाची गंमत अशी की त्याही मला त्याच वेळी देतात. दोघींच्या हातात तीच वडी. दसऱ्याच्या आपट्याच्या पानांसारखं. कुणी कुणाला जास्त दिलं हे मोजायला जागाच नाही.

फराळाचंही हळूहळू तसं होत चाललं आहे. मागच्या दिवाळीत माझी चकली तेलात टाकली की विरघळत होती. तीन घाणे वाया गेल्यावर मी एक तुकडा कागदावर घेऊन समोरची बेल वाजवली. काकूंनी तो बोटांनी चुरडला, चाखला आणि म्हणाल्या, “मोहन जास्त झालंय. आणखी भाजणी घाल, वाटीभर.” घातली, आणि चकली धरली. मग भाजणीचंच प्रमाण काढलं त्यांनी: चार वाट्या तांदूळ, दोन हरभरा डाळ, एक उडीद डाळ, धणे-जिरे वेगळे, आणि प्रत्येक धान्य निरनिराळं भाजायचं. “सगळं एकत्र भाजणारी बाई मी बघून घेईन,” असंही.

परवा जिन्यात भेटल्या. धापा टाकत दुसऱ्या मजल्यावर थांबल्या होत्या. नवरात्र अजून बसायचं होतं.

“तांदूळ धुऊन वाळवलेस का?” त्यांनी विचारलं.

“अजून वेळ आहे हो काकू.”

“कसला वेळ? दळायला टाकायच्या आधी मला दाखव. डाळ तू नेहमी कच्ची ठेवतेस.”