क्वार्टर साइज चेलो: आधी स्टूल, मग एंडपिन

लेकीच्या चेलोच्या शिकवणीला आज दीड महिना झाला. ती सात वर्षांची आहे, चेलो क्वार्टर साइजचा. सूर आणि गज यांवर पुढे लिहीन. या दीड महिन्यात आमचा बराचसा वेळ तिला नीट बसवण्यातच गेला, म्हणून आजची नोंद त्याचीच.

पहिल्या आठवड्यात मी तिला जेवणाच्या टेबलाच्या खुर्चीवर बसवलं. बैठक जमिनीपासून ४५ सेंटिमीटर. तिचं जमिनीपासून गुडघ्यामागच्या खळगीपर्यंतचं अंतर ३१. पाय लटकत होते, म्हणून खाली पाट ठेवला. पाय टेकले आणि मला वाटलं, काम झालं. पण पाट पायांखाली होता, चेलोखाली नव्हता. तिचं धड ४५ सेंटिमीटरवरच होतं आणि चेलो उभा जमिनीवर. तो छातीपर्यंत आणायला एंडपिन, म्हणजे चेलोच्या तळातून निघणारी टेकायची दांडी, ३० सेंटिमीटर बाहेर काढावी लागली, ती जवळजवळ संपली. एवढी लांब दांडी छोट्या चेलोला डळमळीत करते. तो कलंडू नये म्हणून ती गुडघ्यांनी घट्ट आवळून धरायची, आणि दहा मिनिटांत मांड्या दुखतात म्हणायची.

मी आठवडाभर एंडपिनच कमी-जास्त करत राहिले. दांडी आत सारली की चेलो खाली जायचा आणि खुंटी कानाला लागायची. "आई, हे टोचतंय," म्हणत ती मान उजवीकडे कलती करायची. दांडी बाहेर काढली की डावा खांदा वर चढायचा. सरांनी दुसऱ्या तासाला एंडपिनला हातही लावला नाही. ते म्हणाले, "ताई, आधी खुर्ची बदला."

घरी जुनं लाकडी स्टूल होतं, सपाट बैठकीचं. सुताराकडून त्याचे पाय कापून उंची ३२ सेंटिमीटर केली, म्हणजे तिच्या मापापेक्षा एक जास्त. मांड्या गुडघ्यांकडे किंचित उतरत्या असाव्यात एवढ्यासाठीच ते एक. प्लास्टिकच्या खुर्च्यांची बैठक मागे कललेली असते, त्यावर मूल मागे घसरून पोक काढतं. त्या मी बाद केल्या. ती आता स्टुलाच्या पुढच्या अर्ध्या भागावर बसते, तळवे पूर्ण टेकलेले, पावलं खांद्यांपेक्षा थोडी रुंद.

मग एंडपिन. बैठक १३ सेंटिमीटर खाली आली, तशी दांडीही ३० वरून १७ वर आली. लांबी ठरवताना मी तीन जागा बघते. चेलोच्या पाठीची वरची कड छातीच्या मधल्या हाडावर टेकलेली हवी, पोटावर नाही आणि गळ्याजवळही नाही. सी तारेची खुंटी डाव्या कानाच्या मागे यावी, कानाला न लागता. गुडघे चेलोच्या खालच्या फुगीर भागाला दोन्हीकडून नुसते टेकलेले असावेत. १७ ला खुंटी अजून कानाजवळ होती, १८ ला मागे सरकली. तिथे दांडीवर लाल नेलपॉलिशची रेघ ओढली, आता ती स्वतःच लावते.

गुडघ्यांच्या बाबतीत एक गोष्ट मला फार आवडली. पूर्वी चेलोला एंडपिन नसायची, वादक तो पोटऱ्यांमध्ये धरत. एकोणिसाव्या शतकात बेल्जियन चेलोवादक सर्वे यांच्यामुळे एंडपिनचा वापर रुळला असं मानतात. मूल गुडघ्यांनी आवळतं तेव्हा एंडपिनने करायचं काम ते पायांनी करत असतं.

आमची परीक्षा अशी: दोन्ही हात सोडून ती पाचपर्यंत मोजते, चेलो हलायला नको. मग चेलो बाजूला न ठेवता नुसता पुढे धरून स्टुलावरून झोका न घेता उठते. झोका लागला तर ती फार मागे बसली आहे किंवा पाय फार पुढे आहेत. शेवटी गज ए तारेवर मुठीजवळ आणते, तो डाव्या गुडघ्याला लागता कामा नये. सी तारेवर टोकापर्यंत नेला की उजव्या मांडीला लागता कामा नये. लागला तर आधी गुडघे थोडे उघडायचे. तेवढ्याने भागलं नाही तरच एंडपिनकडे बघायचं.

आमच्या घरी गुळगुळीत टाइल्स आहेत. एंडपिनच्या टोकाखालची रबरी चकती धुळीने घसरायला लागली, की चेलो पुढे जायचा आणि त्याच्यामागे लेक वाकायची. मी ते दिवसभर पोक समजून "ताठ बस" म्हणत होते. आता चकतीऐवजी स्टुलाच्या पायात अडकवलेला पट्टा आहे, दुसऱ्या टोकाच्या कडीत एंडपिनचं टोक बसतं. त्यामुळे अंतरही रोज तेच राहतं.

काल मापं पुन्हा घेतली. खळगीपर्यंत ३१ च आहे, पण बसल्यावर खांद्यापर्यंतची उंची एक सेंटिमीटर वाढलीय. एंडपिन १८.५ वर नेऊन पाहिली. खुंटी कानामागे, खांदा खाली. जुन्या रेघेवर नवी ओढायची आहे, यावेळी रंग तिला निवडायचाय.