कोटेशन, चलन आणि बारा प्लायवूड

ठाण्यातल्या आमच्या जुन्या सदनिकेच्या दुरुस्तीसाठी कंत्राटदाराने दिलेल्या कोटेशनमध्ये सामानाची यादी तपशीलवार होती, तर टेम्पोबरोबर येणाऱ्या चलनावर केवळ नाव आणि नग लिहिलेले असत. त्यामुळे मी वहीत प्रत्येक वस्तूसमोर कोटेशनमधला ग्रेड, जाडी व नग आधीच उतरवून ठेवले आणि टेम्पो आला की आलेला माल त्या नोंदीशी ताडून पाहू लागलो.

प्लायवूड आले तेव्हा चलनावर ‘१८ एमएम प्लाय, १२ नग’ असे होते आणि मोजल्यावर बारा भरलेही. कोटेशनमध्ये मात्र स्वयंपाकघरातील कपाटांसाठी सतत ओल सोसणाऱ्या बीडब्ल्यूपी ग्रेडचे, म्हणजे IS 710 शिक्क्याचे प्लायवूड ठरले होते. प्रत्येक फळीवरचा शिक्का वाचल्यावर सात फळ्यांवर IS 710 आणि पाचांवर IS 303 आढळले. IS 303 हे सर्वसाधारण वापराच्या प्लायवूडचे मानक आहे. त्यातला माल बेडरूमच्या कपाटाला चालतो, पण सिंकखाली सतत ओल लागते तिथे तो मला नको होता. वर सनमायका चढला की हा फरक कोणाच्याही लक्षात येत नाही, म्हणून शिक्का सुतारकाम सुरू होण्याआधीच वाचावा लागतो. ‘दोन्ही वॉटरप्रूफच आहेत, साहेब,’ असे टेम्पोवाल्याने सांगितले. त्या बिचाऱ्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. चलनाच्या दोन्ही प्रतींवर ‘७ नग स्वीकारले, ५ नग ग्रेड वेगळा असल्याने परत’ असे लिहून मी सही केली आणि दोन्हींचा फोटो कंत्राटदाराला पाठवला.

टाइल्सचा हिशेब निराळा होता. हॉल व स्वयंपाकघराचे मिळून ३१० चौरस फूट क्षेत्र होते. ६०० बाय १२०० मिलिमीटरच्या दोन टाइल्सच्या बॉक्समध्ये सुमारे साडेपंधरा चौरस फूट भरतात, म्हणजे वीस बॉक्स, आणि कटिंग-तुटफुटीसाठी दहा टक्के धरून बावीस. बावीस बॉक्स आले खरे, परंतु अठरांवर एक बॅच क्रमांक आणि चारांवर दुसरा होता. दोन्हींतली एकेक टाइल खिडकीपाशी शेजारी ठेवली तेव्हा दुसरीत किंचित पिवळसर झाक दिसली. अठरा बॉक्समध्ये सुमारे २७९ चौरस फूट होते, त्यात दोन्ही खोल्या पुऱ्या होणार नव्हत्या. हॉलमध्ये मध्येच रंग बदललेला तर दिसलाच असता. दुकानदाराकडे पहिल्या बॅचचा माल शिल्लक होता, म्हणून ते चार बॉक्स न फोडता बदलून घेतले.

सिमेंट, वायर आणि पाइप यांत काही अडचण आली नाही. सिमेंटच्या गोणीवर छापलेला उत्पादनाचा आठवडा तेवढा पाहिला.

पाच नव्या फळ्या आल्यावर त्यांचे शिक्केही तपासले आणि मगच कंत्राटदाराला प्लायवूडचा हप्ता दिला.