तुम्ही विचारलंत म्हणून: कर्मणी की भावे?

"मॅडम, वाक्यात 'ने' दिसला की आम्ही कर्मणीवर खूण करतो आणि निम्म्या वेळा उत्तर भावे निघतं. दोन्ही पर्याय सारखेच वाटतात. ओळखायचं कसं?"

दादरला संध्याकाळी स्पर्धा परीक्षांच्या मुलांना मराठी शिकवते, त्यामुळे हे दर बॅचला कानावर येतं. 'ने' एवढंच सांगतो की क्रियापद कर्त्याच्या ताब्यात नाही. ते कर्माच्या ताब्यात आहे की कोणाच्याच नाही, हे 'ने'ला ठाऊक नसतं. ते क्रियापदाकडूनच काढून घ्यावं लागतं.

तीन वाक्यं घ्या. काकू डबा पाठवतात. काकू डबा पाठवतील. काकूंनी डबा पाठवला. पहिल्या दोन्हींत काकूंच्या जागी काका आणले तर क्रियापद तसंच राहील, कारण इथे लिंग दिसतच नाही. पण 'मी' आणला की 'पाठवते' होतं, 'पाठवेन' होतं. म्हणजे क्रियापद कर्त्याकडे बघतं. तिसऱ्या वाक्यात काका आणा, मुली आणा, शेजारचे सगळे आणा, 'पाठवला' जागचा हलत नाही. डब्याऐवजी पिशवी ठेवली की मात्र लगेच 'पाठवली'. काळ बदलला आणि क्रियापदाने मालक बदलला.

याचं कारण 'पाठवला'मधल्या 'ल'मध्ये आहे. हे रूप संस्कृतातल्या भूतकाळवाचक धातुसाधित विशेषणावरून, प्राकृतातून आलं. 'बालकेन फलं खादितम्' यात 'खादितम्' हे फळाचं विशेषण आहे, म्हणून ते फळाचं लिंग घेतं, आणि खाणारा तृतीयेत जातो. तीच घडी मराठीने 'मुलाने फळ खाल्ले' अशी ठेवली. म्हणून काळाच्या नावावर जाऊ नका. 'काकूंनी डबा पाठवला आहे' हा पूर्ण वर्तमानकाळ, तरी प्रयोग कर्मणीच, कारण 'ल' तिथे आहे. 'काकू डबा पाठवत होत्या' हा भूतकाळ, पण 'पाठवत'मध्ये 'ल' नाही, म्हणून कर्तरी. 'काळ भूत, म्हणून कर्मणी' असं पाठ केलेली मुलं इथेच फसतात.

आता ज्या वाक्यावर सगळ्यांची गाडी अडते ते घेऊ. 'काकूंनी पत्र पाठवले.' पर्याय: कर्तरी, कर्मणी, भावे, संकर. वर्गात अर्धे हात भावेला वर जातात, कारण क्रियापदाच्या शेवटी 'ले' आहे आणि भावे प्रयोगाचं क्रियापद नेहमी नपुंसकलिंगी एकवचनी, हे त्यांनी बरोबर पाठ केलेलं असतं. पण पत्रही नपुंसकलिंगी एकवचनीच आहे. 'पाठवले' हे पत्राच्या मागून आलंय की कोणाचंच नसल्यामुळे तसं राहिलंय, हे दिलेल्या वाक्यावरून कळणं शक्यच नाही. मग वाक्य हलवायचं. पत्राच्या जागी चिठ्ठी ठेवा: काकूंनी चिठ्ठी पाठवली. क्रियापद हललं, म्हणजे ते कर्माचंच होतं. कर्मणी.

म्हणून माझी सवय अशी की कर्म नपुंसकलिंगी असेल तर त्याच्या जागी स्त्रीलिंगी शब्द ठेवायचा. पुल्लिंगी अनेकवचनही लिहिताना फसवतं: 'काकूंनी डबे पाठवले'. बोलून बघितलं तर 'पत्र पाठवलं' आणि 'डबे पाठवले' हा फरक कानाला लगेच कळतो. प्रश्नपत्रिकेत 'पाठवलं' छापत नाहीत, म्हणून ओठांतल्या ओठांत वाचायचं. त्याने अनेकवचन वेगळं पडतं. नपुंसकलिंग आणि भावे वेगळे करायला मात्र शब्द बदलणं हाच उपाय.

आता तोच 'पाठवणे' आणि तोच 'मुलाला', पण दोन वेगळी वाक्यं.

काकूंनी मुलाला पाठवले.
काकूंनी मुलाला डबा पाठवला.

विभक्तीच्या प्रश्नातही ही जोडी येते आणि पर्यायांत द्वितीया, चतुर्थी शेजारीशेजारी बसलेल्या असतात. दोघींचे प्रत्यय तेच, 'स, ला, ते' आणि 'स, ला, ना, ते', तेव्हा प्रत्यय बघून काही हाती लागणार नाही. (संस्कृतची आठ विभक्तींची चौकट मराठीला बसवली की हे व्हायचंच. आपल्या मुंबईच्या दादोबा पांडुरंगांचं व्याकरण 1836 चं, आणि शाळेतली चौकट अजून त्याच वळणाची आहे.) विचारायचं ते हे: पाठवलं गेलं ते काय? पहिल्या वाक्यात मुलगाच पाठवला गेला. तो प्रत्यक्ष कर्म, म्हणून द्वितीया. दुसऱ्यात पाठवला गेला डबा आणि तो ज्याच्याकडे गेला तो मुलगा. म्हणजे संप्रदान, म्हणून चतुर्थी.

विभक्ती सुटली की प्रयोग आपोआप सुटतो. पहिल्या वाक्यात मुलाऐवजी मुलगी ठेवा: काकूंनी मुलीला पाठवले. मुलं ठेवा: काकूंनी मुलांना पाठवले. क्रियापद ढिम्म. कर्त्याला 'नी' लागलाय, कर्माला 'ला' लागलाय, दोघांनीही हात काढून घेतले, म्हणून भावे. दुसऱ्या वाक्यात डबा प्रत्ययाशिवाय उभा आहे, तिथे पिशवी ठेवली की 'पाठवली', म्हणून कर्मणी. 'मुलाला' दोन्हीकडे असून निकाल वेगळा, कारण दुसरीकडे तो कर्म नाहीच. 'ने' आणि 'ला' दोन्ही दिसले की भावे, असं एक सूत्र मुलं कुठूनतरी घेऊन येतात. ते याच वाक्यावर मोडतं. आणि 'काकूंनी मुलगा पाठवला' असं म्हटलंत तर तो कर्मणी, कारण 'ला' गेला आणि मुलगा परत क्रियापदाचा मालक झाला.

बोलताना आपण सगळे 'पोलिसांनी चोराला पकडला' असंही सर्रास म्हणतो. तिथे कर्माला 'ला' आहे आणि तरी क्रियापद चोराच्या लिंगाने चाललंय. याला कर्म-भाव संकर म्हणतात. पर्यायांत संकर दिलेला असेल तर तोच निवडा.

'मी' आणि 'तू' वेगळाच त्रास देतात. 'मी डबा उघडला' यात 'ने' कुठेच नाही, म्हणून कर्तरीवर खूण होते. पण 'मी', 'तू', 'आम्ही', 'तुम्ही' यांची प्रथमा आणि तृतीया दिसायला सारखीच असते, 'मीने' असं आपण म्हणत नाही. 'मी'च्या जागी 'तो' ठेवा. 'त्याने डबा उघडला' असं म्हणावं लागतं ना? मग 'मी'सुद्धा तृतीयेतच आहे आणि प्रयोग कर्मणी. आता 'मी धडा शिकलो' घ्या. 'तो धडा शिकला'. इथे 'ने' येत नाही, म्हणून प्रथमा, म्हणून कर्तरी, जरी कर्म आहे आणि 'ल'ही आहे. शिकणे, विसरणे, बोलणे, म्हणणे अशी थोडी सकर्मक क्रियापदं भूतकाळातही कर्त्याबरोबरच राहतात. परीक्षक हे वाक्य मुद्दाम 'तो धडा शिकला' असं देतो. कर्ताही पुल्लिंगी, कर्मही पुल्लिंगी, 'शिकला' दोघांशीही जुळतं. 'ती' आणली की 'ती धडा शिकली', आणि झाकलेलं उघडं पडतं.

मध्यम पुरुषात आणखी एक गंमत आहे. 'तुम्ही प्रश्न विचारलात' आणि 'तुम्ही शंका विचारलीत'. 'ला'चा 'ली' झाला तो शंकेमुळे, आणि शेवटचा 'त' आला तो 'तुम्ही'मुळे. एकच क्रियापद दोघांचं ऐकतं, म्हणून कर्तृ-कर्म संकर. तो 'त' काढून नुसतं 'तुम्ही प्रश्न विचारला' म्हटलं तर साधा कर्मणी. एका अक्षराने उत्तर बदलतं, तेव्हा शेवटचं अक्षर वाचल्याशिवाय खूण करू नका.

'मला आंबा आवडतो' याबद्दलही विचारतात. परीक्षेपुरतं सांगते: आवडणारा कोण? आंबा. तो कर्ता, 'मला' चतुर्थी, प्रयोग कर्तरी. आधुनिक भाषाशास्त्र इथे वेगळं बोलतं आणि मला ते जास्त पटतंही, पण उत्तरपत्रिकेत पटण्याला गुण नसतात.

'ल' नसतानाही कर्मणी-भावेची जोडी भेटते ती विध्यर्थात, आणि सराव करायचा तर तुम्हा लोकलने येणाऱ्यांना साहित्य रोज डोळ्यांसमोर आहे. प्रवाशांनी तिकीट जवळ ठेवावे. तिकिटाच्या जागी ओळखपत्र ठेवून काही कळत नाही, दोन्ही नपुंसकलिंगी. 'पिशवी' ठेवा: प्रवाशांनी पिशवी जवळ ठेवावी. कर्मणी. आता 'प्रवाशांनी रांगेत चढावे'. चढणे इथे अकर्मक, बदलायला कर्मच नाही, म्हणून भावे. 'नये' असलेल्या सूचना जरा कठीण, कारण 'नये'ला लिंग नाही. तिथे पिशवी ठेवून उपयोग नाही, वचनच बदलावं लागतं. 'प्रवाशांनी दारात सामान ठेवू नये' यात सामानाऐवजी पिशव्या म्हणा: 'ठेवू नयेत'. क्रियापद पिशव्यांमागे गेलं, कर्मणी. 'प्रवाशांनी दारात उभे राहू नये' यात प्रवासी आधीच अनेकवचनी आहेत, तरी कोणी 'नयेत' म्हणत नाही, आणि कर्म तर नाहीच. भावे.