४८ मीटर कापड आणि १४ कळ्या

सरांनी आणलेल्या कागदावरचं तंबूच्या कापडाचं गणित चोख होतं. खाली गोल भिंत, वर शंकूचं छप्पर. त्रिज्या २.८ मीटर, भिंत २ मीटर, शंकूची उंची २.१, म्हणून तिरकी उंची ३.५. भिंतीचं ३५.२ आणि छपराचं ३०.८, मिळून ६६ चौरस मीटर. कॅनव्हासचा पन्हा दीड मीटर, म्हणजे ४४ मीटर लांबी. त्यावर दहा टक्के शिवणीला धरून सर ४८ मीटरचा तागाच घेऊन आमच्या शिंपीकामाच्या दुकानात आले. शाळेच्या शिबिरासाठी तंबू हवा होता.

मी म्हणालो, "सर, पाच मीटर कमी पडतंय."

"दहा टक्के धरलेत की ओ!"

टक्क्यांनी शिवण मोजता येत नाही, हे सोलापुरात चादरी-टॉवेलांत आयुष्य गेलेल्या माणसालाही पटत नाही, तिथे सरांना काय बोल लावायचा. शिवण जाते जोडांवर, आणि जोड किती येणार ते पन्हा ठरवतो. तंबूची शिवण दोन्ही कडा एकमेकींत दुमडून दोनदा मारलेली असते, नाहीतर पाणी झिरपतं. त्यात प्रत्येक पट्ट्याचे ५ सेंटिमीटर जातात आणि दीड मीटरचा पन्हा १.४५ उरतो. तंबूचा घेर १७.६ मीटर. बारा पट्टे लावले तर १७.४ होतात, वीतभर कमी! दाराला एकावर एक यायला आणखी फूटभर लागतं. म्हणून तेरावा पट्टा घ्यावाच लागतो. एका पट्ट्याला वर ५ आणि खाली १० सेंटिमीटर दुमड, म्हणजे लांबी २.१५. तेरा पट्ट्यांचे झाले जवळपास २८ मीटर. तेराव्यातलं उरलेलं वाया जात नाही, त्यातून शेंड्याची टोपी आणि दोरीच्या कड्यांखालची ठिगळं निघतात.

खरी मजा छपरात आहे. शंकू उलगडला तर वर्तुळाचा २८८ अंशांचा तुकडा होतो, पण एवढा तुकडा दीड मीटरच्या पन्ह्यात कुठून निघणार? परकराला लावतात तशा कळ्या कापाव्या लागतात. दोन्ही बाजू सारख्या असलेली कळी सरळ कापली आणि दुसरी उलटी ठेवून शेजारी बसवली, तर पन्ह्यात मावण्यासाठी कळी अरुंद करावी लागते. मग वीस कळ्या होतात आणि नुसत्या छपरालाच ३६ मीटर कापड जातं. दोन्ही काठांना लांबच लांब तिकोनी तुकडे पडून राहतात.

आमचे कटर मामा तसं कापत नाहीत. ते ३.६ मीटरचा तुकडा घेऊन तिरपा चिरतात, की दोन कळ्या निघतात. प्रत्येकीची एक बाजू कापडाचा सरळ काठ, दुसरी उरेप, म्हणजे धाग्याला तिरपी कापलेली. अशा तेरा कळ्यांत छप्पर बसवायचं तर मार्जिनसकट पन्हा दीड मीटरला दोन-अडीच सेंटिमीटर कमी पडतो. चौदा केल्या की सहज बसतं. सात तुकडे, २५.२ मीटर. शेंड्याच्या खुणेवर दोरी धरून प्रत्येक कळीचा खालचा घेर गोल आखायचा, नाहीतर उरेप बाजूचा कोपरा लोंबतो.

उरेप बाजू ताणली की वाढते. उरेपाला उरेप जोडली तर छप्पर महिन्याभरात पोट काढतं. म्हणून एकीचा काठ दुसरीच्या उरेपाला जोडायचा, काठ तिला धरून ठेवतो. एका चिरीतल्या दोन्ही कळ्या एकाच हाताच्या निघतात, त्यामुळे हे घेरभर आपोआप जुळतं. फक्त कापड उलटं-सुलटं करायचं नाही. नवीन पोरं नेमकं तेच करतात.

एकूण ५३ मीटरच्या वर. सर बराच वेळ कागदाकडे बघत होते. मग म्हणाले, "आणि कातरण?" म्हणजे उरलेलं कापड शिंपी ठेवून घेतो, ही गावाची जुनी खात्री. मामांनी तोंड फिरवलं. कातरण पोत्यात भरून तंबूबरोबर देऊ, असं मी सांगितलं, आणि दिलंही.

त्याच लॉटचं कापड सरांच्या कापड-दुकानदाराकडे उरलं नव्हतं. दुसऱ्या लॉटचं जोडलं तर दोन्ही सारखे आटतील याची खात्री नाही. शेवटी छपराला पूर्ण माप दिलं, उरलेल्या पावणेतेवीस मीटरमध्ये भिंतीचे तेरा पट्टे पावणेदोन मीटरचे कापले आणि खालचा फूटभर भाग ताडपत्रीचा लावला. जमिनीलगतचं सुती कापड ओलीने सर्वांत आधी कुजतं, तेव्हा खाली ताडपत्री वाईट नाही.

पण सुती कॅनव्हास पहिल्या भिजण्यात आटतो, ताडपत्री आटत नाही. त्या जोडावर चुण्या पडणार, हे मला शिवतानाच दिसत होतं. सरांना सांगितलंय, शिबिराआधी तंबू एकदा पूर्ण भिजवून उभ्याने वाळवा, मगच दोऱ्या पक्क्या करा. चुण्या बघून ती पट्टी उसवून ढिली लावायची का, ते ठरवू. मामांचं म्हणणं, लावतानाच ढील द्यायला हवी होती. किती द्यायची ते मात्र तेही सांगत नाहीत.