चुकलेलं प्रॅक्टिकल

एसवायच्या एका मुलीचा मेल आज सकाळी आला. विषयाच्या ओळीतच बॅच, रोल नंबर आणि 'पाण्याचा कठीणपणा, ईडीटीए टायट्रेशन'.

"मॅडम, मंगळवारी ताप होता म्हणून येऊ शकले नाही. डॉक्टरांची चिठ्ठी जोडली आहे. शुक्रवारी सी बॅचचं हेच प्रॅक्टिकल आहे, तेव्हा माझं लेक्चर नसतं. एखादं टेबल रिकामं असेल तर त्यांच्यासोबत करू का? मैत्रिणीची रीडिंग्ज मी उतरवलेली नाहीत."

शुक्रवार तिने नेमका हेरला. एकटीसाठी मांडायचं तर ईडीटीए प्रमाणित करा, पीएच १० चा बफर बनवा. रंग दाखवणाऱ्या एरिओक्रोम ब्लॅक टी इंडिकेटरचं द्रावण तर टिकतच नाही, ताजंच लागतं. सी बॅचला हे सगळं तयार असणारच.

आणि रीडिंग्ज उतरवून तिला काय मिळालं असतं? वाइनसारखा लाल रंग आधी जांभळट होतो. तिथेच पुष्कळ मुलं ब्युरेट बंद करतात आणि रीडिंग कमी येतं. लालसर छटा पूर्ण जाऊन स्वच्छ निळा येईपर्यंत थेंब-थेंब सोडायचं, हे स्वतःच्या डोळ्यांनीच बघावं लागतं.

लगेच उत्तर पाठवलं: "शुक्रवारी ये. खिडकीजवळचं टेबल ठेवते, तिथे रंग नीट दिसतो."